कालव्याकाठची गौर

२० सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ओट्यावर वालाच्या बिरड्या सोलत बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात, पण एकेक दाणा चिमटीत धरावाच लागतो. घाईचं काम नाही आणि हाताखेरीज काही अडकत नाही, म्हणून मुलीच्या फोनची वाट बघताना हेच काढलं. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. ती इंग्लंडमध्ये, तिथे दुपार. त्या दुपारी तिने गौर पाण्यात सोडली की नाही, एवढंच मला कळायचं होतं.

आमच्यात गौर म्हणजे तेरडा. ओढ्याकाठचा, मुळांसकट उपटलेला. मुळं म्हणजे तिची पावलं, ती तुटली तर ती जुडी चालत नाही. जुडी सुपात उभी करायची, वर पितळी मुखवटा बांधायचा, लुगडं नेसवायचं. पहिल्या दिवशी आणायची, दुसऱ्या दिवशी पूजा आणि तिखटाचा, म्हणजे चिंबोऱ्यांचा, खेकड्यांचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी पाण्यात. गुरुजी लागत नाही. नियम एकच, पण कडक. गौर घरच्या लेकीने आणायची, सुनेने नाही. लेक लग्न होऊन गेली तरी त्या दिवशी माहेरी येऊन आणते. ज्या घरात आणणारी लेक उरली नाही, त्या घरची गौर भावकीतल्या दुसऱ्या घरी जाते, आणि एकदा गेली की परत येत नाही. डोळखांबकडचं एक घर असंच बंद झालं. आता दोनच राहिली होती, आमचं सापगावचं आणि नवऱ्याच्या काकीचं मुरबाडचं. काकीकडे नाती आहेत. मला ही एकच मुलगी.

मी फार देवदेव करणारी नाही. आरोग्यसेविकेची नोकरी, पाड्यांवर फिरायचं, लसीकरण, बाळंतिणी. नवरा कसाऱ्याला रेल्वेत, त्याच्या पाळ्या. वर्षभर आमच्या घराला बहुतेक कुलूपच असतं. गौरीच्या तीन दिवसांत मात्र सगळी भावकी माझ्या घरी जेवते, भांडते, पत्ते खेळते, आणि मला कुणीतरी "मोठी वयनी" म्हणतं. ते जावं असं मला वाटत नव्हतं. एवढंच.

मुलीला सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका वर्षाच्या पदवीसाठी तिकडे प्रवेश मिळाला तेव्हा पहिला प्रश्न काकीनेच विचारला. आम्ही पेढे घेऊन मुरबाडला गेलो होतो.

"जातेस तर जा बाय. पर गौर कोन आनील?"

"काकी, एकाच वर्षाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"एक वर्स कोन आनील ता सांग. तू आनशील? तू सून हायेस."

मुलगी म्हणाली, "आजी, मी तिथून आणली तर? तिथे पण पाणी असतंच की."

मला वाटलं म्हातारी हसेल. ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "लेकीनं आनली म्हंजे आनली. कुठलं पानी ता कोनी सांगितलंय? पर रीतीनं आन. आनि रीतीनं पाठव. पाच बायका लागतात पाठवायला, येकटीनं नाय सोडायची गौर."

तिथे तेरडा कुठून मिळणार, हे तेव्हा आमच्या तिघींच्याही डोक्यात आलं नाही.

मुलगी सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. पहिल्या आठवड्यातच तिने माणसं शोधायला सुरुवात केली. त्या बाबतीत ती माझ्यासारखी आहे, आधी विचारपूस, मग रडणं. कॉलेजच्या आवारात नव्या मुलांसाठी मंडळांचे स्टॉल लागले होते, तिथे हिंदू विद्यार्थ्यांचं मंडळ सापडलं. मुलं चांगली, पण बहुतेक तिथेच जन्मलेली, गुजराती घरांतली. त्यांची आरती गुरुवारी संध्याकाळी, सगळ्या धर्मांच्या सामायिक प्रार्थनेच्या खोलीत. खोली अर्ध्या तासासाठी आधी नाव घालून मिळते. ज्योत लावायची नाही, उदबत्ती नाही, निरांजन बॅटरीचं. आपलं झालं की देव कपाटात ठेवायचे, कारण पुढे नमाजाची मुलं दारात उभी असतात. गणपती त्यांना माहीत होता. गौर म्हणजे काय, हे तिने समजावलं तर एक मुलगा म्हणाला, नवरात्रीत गरबा आहे, त्याला ये.

मग होस्टेलमधल्या एका नाशिकच्या मुलीने तिला शहरातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. ही नोकरीवाल्या कुटुंबांची मंडळी. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती करतात, आणि हॉल मिळतो रविवारी, म्हणून सगळं रविवारी. प्रतिष्ठापना, गौरी, महाप्रसाद, विसर्जन, सकाळी दहा ते एक. विद्यार्थ्यांनी गुरुवारपर्यंत नाव द्यायचं आणि वाढायला, खुर्च्या लावायला यायचं.

"तिन्ही दिवस एका सकाळी?" मी विचारलं.

"आई, इथे गौरी शुक्रवारी असली तरी शुक्रवारी कोणाला वेळ आहे?"

तिलाही नव्हताच. शुक्रवारी गौरीपूजन आणि त्याच दिवशी तिच्या प्रयोगशाळेची सुरक्षेची शिकवणी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती केल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. तोवर बाकीचे काम सुरू करून मोकळे. सणासाठी सवलतीचा अर्ज असतो असं तिला कळलं, तिने तो भरला. उत्तर सभ्य भाषेत आलं. हा अर्ज परीक्षांच्या तारखांसाठी आहे, तासांसाठी नाही. सुट्टीला तुमचे मार्गदर्शक हरकत घेणार नाहीत, पण शिकवणी पुन्हा होणार नाही. शिवाय हजेरी व्हिसाला जोडलेली. वर्गात शिरताना कार्ड टेकवायचं, नाही टेकवलं तर विचारणा.

"मग शिकवणीला जा," मी म्हटलं. "पूजा संध्याकाळी कर. गौर कुठे पळून जात नाही."

नवरा बाजूने म्हणाला, "आनलीच नाय अजून, पळून कशी जाईल?"

तो विनोद होता, पण खरी अडचण तीच. मी तिला सांगून ठेवलं होतं, तेरडा नाही मिळाला तर कुठलंही फुलझाड घे, काकीला फोनवर काय दिसतंय. आणि बुधवारी तिने फोटो पाठवला. होस्टेलच्या मागे जुना कालवा आहे, पूर्वी त्यातून मालाच्या होड्या जायच्या म्हणे. त्याच्या काठाने पुरुषभर उंच रान, गुलाबी फुलं, लाल देठ. खाली तिने लिहिलं होतं, "आई, हा तेरडाच आहे ना? शेंगेला बोट लावलं तर फुटली."

मी फोटो मोठा करून बघितला. आपल्यापेक्षा उंच, पान जरा लांबट, पण तेरडाच. त्याचाच कोणीतरी भाऊ. मी तो फोटो काकीला पाठवला. काकीने नातीकडून आवाज पाठवला, "अगो, ती आधीच जाऊन बसलीय तिकडं!" भावकीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेले. मीही एक पाठवला.

गुरुवारी आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे जेवणाची सुट्टी. दोन तासांच्या मधल्या वेळात ती कालव्यावर गेली. गौर आणताना लेकीने तोंडात पाण्याचा घोट धरायचा असतो, म्हणजे वाटेत बोलणं होत नाही, आणि मागे वळून बघायचं नसतं. एका हातात फोन, एका हातात जुडी, गाल फुगलेले, अशी ती चालत होती आणि आम्ही ओट्यावरून बघत होतो. वाटेत एक म्हातारा कुत्रा घेऊन आला. त्याने तिला काहीतरी विचारलं. ती मान हलवते, तो परत विचारतो. नवऱ्याला हसू आवरेना. "पोलीस बोलावील तो आता," म्हणाला. म्हातारा बाजूला झाला आणि ती तशीच ताठ चालत खोलीवर पोचली, बेसिनमध्ये घोट थुंकला आणि ओरडली, "आली!"

इकडे मी सुपात अक्षता ठेवल्या, जुडीशिवायच सुपावर मुखवटा बांधला. तिकडे तिची जुडी, इकडे आमचा मुखवटा, असं काकीनेच ठरवून दिलं होतं. बघायला विचित्र होतं, पण भावकी जेवली.

शुक्रवारी ती शिकवणीला गेली. संध्याकाळी खोलीत दिवा लावता येत नाही, धूर झाला की घंटा वाजते आणि सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहते. तिने हळदकुंकू वाहिलं. सामायिक स्वयंपाकघरात पाकिटातली गोठलेली कोळंबी तिखट-मिठात परतली आणि तो नैवेद्य दाखवला. तोवर तेरडा मान टाकायला लागला होता. पाण्याच्या मगात होता तरी. तेरडा पाणीदार झाड, उपटलं की टिकत नाही. आमच्याकडेही तिसऱ्या दिवशी मलूलच असतो.

शनिवारी आमचा मुखवटा उतरवला. तिला म्हटलं, तूही आजच सोड ना. ती म्हणाली, एकटी? काकीला विचारलं. काकी म्हणाली, "येक दिस इकडं तिकडं चालंल, परदेस हाय. पर पाच बायकांनी पाठवायला पायजे." रविवारी हॉलमध्ये बायका असणार होत्या. म्हणून रविवार ठरला. यात चूक कुणाची असं नाही. त्या वेळी तेच शहाणपणाचं दिसत होतं.

तर रविवारी संध्याकाळी बिरड्या अर्ध्याअधिक सोलून झाल्यावर फोन वाजला. ती खोलीत, खुर्चीवर, कोट अंगातच.

"झालं का गो?" मी विचारलं.

"सांगते. मध्ये बोलू नको."

मी दाणे सोलत राहिले.

हॉलमध्ये गौरी होत्या. दोन, उभ्या, पैठण्या नेसलेल्या, नथी, कमरपट्टे, समोर फराळाची ताटं. तिने आपली जुडी नेली तर मांडणी करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "हे डेकोरेशनचं आणलंस का?" हिने सांगितलं, ही आमच्याकडची गौर. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, अरे वा, माहीत नव्हतं, ठेव ना. पण टेबलावर जागा नव्हती आणि जुडी सुकलेली, म्हणून ती मागे, मखराच्या पडद्यापाशी ठेवली. ही वाढायला लागली.

"तिखट कुणी विचारलं का?"

"आई, तिथे अंडंसुद्धा चालत नाही. मी बोललेच नाही."

विसर्जन झालं ते हॉलच्या स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत. शाडूची मूर्ती विरघळली की ते पाणी कुणाच्या तरी बागेत घालतात. आरतीच्या वेळी हिने पाच-सहा बायकांना विचारून ठेवलं होतं, कालवा दहा मिनिटांवर आहे, माझ्याबरोबर याल का. सगळ्या हो म्हणाल्या. पण एक वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता, पुढे कुणाचा तरी वाढदिवस. टेबलं घडी करायची, फरशी पुसायची, उरलेला भात डब्यांत वाटायचा. कुणाचं मूल रडत होतं, कुणाची गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे अडकली होती. "पुढच्या वर्षी नक्की हं," असं त्या म्हणत होत्या. नाशिकची मुलगी येणार होती, पण तिचं दुसऱ्या दिवशी सादरीकरण होतं, तिचा गट ग्रंथालयात थांबला होता.

"मग एकटी गेलीस?"

"गेले."

गुरुवारी ती होस्टेलच्या बाजूने उतरली होती. या वेळी हॉलच्या बाजूने, पुलावरून. पुलापाशी पाटी होती. तिने मला फोटो पाठवला, बोलता बोलताच. पाटीवर त्याच झाडाचं चित्र. गुलाबी फूल, लाल देठ, फुटणारी शेंग. खाली काय लिहिलं होतं ते तिने मराठीत सांगितलं. हे बाहेरून आलेलं रान आहे, इथल्या झाडांना मारतं, काठ पोखरतं. बी पाण्यातून पसरतं. पाण्यात टाकू नका, पसरवणं गुन्हा आहे. दिसलं तर उपटून पिशवीत बंद करा. स्वयंसेवक दर महिन्याला येऊन काढतात.

"आई, आपल्या गौरीचाच फोटो होता," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. जुडीला शेंगा होत्या. पाण्यात टाकली असती तर पसरली असती. मी जे शिकते ना, तेच आहे हे. बाहेरची एक गोष्ट कुठे तरी सुटते आणि मग थांबत नाही. मी शुक्रवारी दिवसभर हेच ऐकून सही केली होती. आणि रविवारी मीच टाकू?"

मी विचारलं, "मग जुडी कुठाय?"

ती म्हणाली, "काळ्या पिशवीत. होस्टेलच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात. गाठ मारून. लुगडं म्हणून माझी ओढणी बांधली होती ती सोडवून घेतली."

नवरा आतून आला होता. तो म्हणाला, "काकीला काय सांगायचं मंग? सोडली म्हन. कोन बघायला गेलंय."

"बाबा, नको," ती म्हणाली. "आजीने सगळं मान्य केलं होतं माझ्यासाठी. दिवस मान्य केला, झाड मान्य केलं. खोटं सांगू नका. आणि आई, पुढच्या वर्षी मला गौरीसाठी धरू नको."

"पुढच्या वर्षी तू घरी असशील," मी म्हटलं.

"नाही माहीत. शिकून झाल्यावर इथे नोकरी शोधायला दीड वर्ष तरी मिळावं म्हणून तर आले ना. आणि आले तरी... आई, मी तिला कचऱ्यात टाकलं. मी परत तोंडात पाणी धरून कशी आणू?"

मी म्हटलं, आधी कोट काढ, काहीतरी खा. तिने मान हलवली आणि फोन ठेवला.

मी राहिलेल्या बिरड्या सोलल्या. मग काकीला फोन केला. जसं झालं तसं सांगितलं, पाटीसकट, आणि पोरगी आता आणायला नाही म्हणते तेही. काकी रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ती म्हणाली, "पोरीचं चुकलं नाय गो. सरकारनं सांगितलं नको टाकू, मंग कशी टाकील? येकटी पोर ती."

"मग काकी?"

"मंग काय. पान्यात नाय गेली ती गौर गेली नाय, मंग परत यील कशी? आनि पोर नाय म्हनली ना आता? नाय म्हनली म्हंजे झालं, तुजी गौर आता आमच्याकडं." मग म्हणाली, "तुजा मुखवटा आमच्याच्या शेजारी बसंल. येकटा नाय ठेवनार."

"मी आणून देते," मी म्हटलं. "उद्याच. परवापासून माझी लसीकरणाची मोहीम आहे, मग वेळ नाही."

"सावकास ये की."

"नको. उद्याच."

नवरा म्हणाला, घाई कशाला, वर्ष आहे अजून. मी म्हटलं, मुखवटा वर्षभर ठेवला तर मी त्याला पुसत बसेन. आम्ही बिरड्याची उसळ खाल्ली. मीठ कमी पडलं होतं, दोघांनीही वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुखवटा चिंच लावून घासला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. काकीच्या थोरल्या नातीने तो ओसरीतच घेतला. तिला सांगितलं, कानाजवळ एक चीर आहे, दोरा तिथून ओढायचा नाही, डोक्यामागून बांधायचा. तिने मला तसं बांधून दाखवायला लावलं, मी दाखवलं. मग परतीच्या गाडीने आरोग्य केंद्रावर गेले.